स्वतःच्या नावाने इंद्रायणी विकायचा असेल तर: खाचरापासून पाकिटापर्यंत

आमच्या पहिल्या वर्षी कोथरूडच्या एका काकूंचा सकाळी साडेअकरालाच फोन आला. "अहो, तुमचा तांदूळ लावला कुकरला. अर्धा भात लगदा झालाय आणि अर्धा टणटणीत. पाणी किती घालायचं तेच कळेना." मी त्यांच्या घरी गेलो. ताटलीत भात पसरलेला होता आणि त्या म्हणत होत्या ते अगदी खरं होतं. काही शितं फुटून एकमेकांना चिकटली होती, शेजारच्याच शितांच्या पोटात कच्ची पांढरी रेघ होती.

पाकिटावर आम्ही काय काय छापलं होतं! सह्याद्रीचा पाऊस, मावळची माती, आजोबांची शेती. पाकिटाच्या आत मात्र मामांच्या शेतातला त्या वर्षीचा नवा तांदूळ आणि शेजारच्या गावातून घेतलेला वर्षभर जुना तांदूळ एकत्र होता. ऑर्डर मोठी होती, माल कमी पडला, म्हणून आम्ही दोन्ही मिसळले. दोन्ही इंद्रायणीच, दोन्ही मावळातलेच. पण नव्या तांदळाला पाणी कमी लागतं आणि तो चटकन मऊ होतो, तर जुना जास्त पाणी पितो आणि उशिरा शिजतो. एकाच कुकरात दोघांचं जमणार कसं?

तेव्हापासून कामाचा क्रम उलटा केला. आधी माल वेगळा ठेवायचा, मग त्याची प्रतवारी करायची आणि गोष्ट सगळ्यात शेवटी लिहायची. पुण्यात घरचा किंवा गावाकडचा तांदूळ स्वतःच्या नावाने विकायला निघालेल्यांसाठी तोच क्रम इथे सविस्तर देतो. उदाहरण मावळच्या इंद्रायणीचं आहे, कारण मला तोच नीट माहीत आहे.

पहिली पायरी: एक ढीग, एक नाव

ब्रँडचं नाव, लोगो, रंग हे सगळं बाजूला ठेवा. नोव्हेंबरात झोडणी झाल्यावर खळ्यात साळीचे ढीग पडतात. त्यातला एक ढीग म्हणजे तुमचा एक लॉट. एक जात, एक गाव, जमलं तर एकाच शेतकऱ्याची खाचरं आणि एकच हंगाम. या चारपैकी एकही गोष्ट बदलली की लॉट बदलला. पोत्यावर मार्करने लॉटचा क्रमांक घाला आणि वहीत त्याच्यासाठी एक पान ठेवा.

त्या पानावर काय लिहायचं? बियाणं कुठून आणलं, लावणी कोणत्या आठवड्यात झाली, कापणी कधी, कापणीनंतर पाऊस लागला का, साळ किती दिवस वाळवली आणि कशावर, खळ्यावर वजन किती भरलं. एवढं पुरे. ही माहिती शेतावर उभं राहूनच लिहून घ्यायची. जानेवारीत मामांना विचारलं की "आपली कापणी कधी झाली होती?", तर "दिवाळीच्या आसपास" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

मावळात गेल्यावर कळतं की नुसतं 'मावळचा तांदूळ' म्हणून काही सांगितल्यासारखं होत नाही. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही तीन खोरी, आणि तिथली माणसं स्वतःला त्या त्या खोऱ्याची समजतात. गावाचं नाव लिहिता आलं तर तालुक्याच्या नावावर थांबू नका. गावाचं नाव लिहिलं की तुमच्यावर एक बंधन येतं: त्या गावचा माल संपला की ते पाकीट संपलं. हे बंधन नको असेल तर गावाचं नाव नका घालू. पण घातलं तर पाळा.

दुसरी पायरी: साळ वाळवणं

इथे बहुतेक नवखे लक्ष घालत नाहीत. "ते शेतकऱ्याचं काम, आपण तयार तांदूळ घेऊ," असं म्हणतात. पण तुमच्या पाकिटातला दाणा अख्खा राहणार की तुटणार, हे गिरणीत जाण्याआधी खळ्यातच बरंचसं ठरलेलं असतं.

तांदळाचा दाणा गिरणीच्या दाबाने तुटतो हे खरं, पण जो तुटतो त्याला बहुतेक वेळा आधीच आडवा तडा गेलेला असतो. साळ डांबरी रस्त्यावर किंवा तापलेल्या कोब्यावर कडक उन्हात भराभर वाळवली की दाण्याचा बाहेरचा भाग आकसतो आणि आतला ओला राहतो. त्या ताणाने तडा जातो. उलटंही होतं. वाळलेली साळ रात्री उघड्यावर राहिली, तिच्यावर दव पडलं किंवा अवकाळी पावसाची सर आली, की सुका दाणा झटकन ओल शोषतो आणि पुन्हा तडकतो. म्हणून साळ ताडपत्रीवर पातळ पसरायची, दिवसातून चारपाच वेळा पायाने किंवा दाताळ्याने हलवायची, भर दुपारच्या उन्हात जरा आवरून घ्यायची आणि संध्याकाळी गोळा करून झाकायची.

तडे बघायला यंत्र लागत नाही. ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ साळ घ्या, एकत्र करा आणि त्यातले शंभर दाणे नखाने सोला. अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी लावा, तिच्या काचेवर दाणा धरा. तडा गेलेल्या दाण्यात केसासारखी आडवी काळसर रेघ दिसते. शंभरात पाचसात निघाले तर काळजी नाही. वीस-पंचवीस निघाले तर त्या लॉटचा अख्खा तांदूळ कमी पडणार हे धरून चाला आणि साळीचा भाव त्या हिशेबाने ठरवा. एकदा ही तपासणी न करता आम्ही दहा क्विंटल साळ घेतली होती, आणि गिरणीतून कणीच जास्त आली.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घ्या. साधारण १३ ते १४ टक्के ओलावा असताना साळ भरडायला चांगली. खूप ओली असेल तर दाणा मऊ राहून चेपतो आणि पाकिटात बुरशी धरते, फार कोरडी असेल तर ठिसूळ होऊन तुटतो. यंत्र येईपर्यंत मामांची पद्धत: सोललेला दाणा दाताखाली धरून चावायचा. 'कट' असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर साळ तयार. दाणा दबला, चेपला, तर अजून एक ऊन द्यायचं.

तिसरी पायरी: भरडणं

सगळी साळ एकदम भरडून घेऊ नका. तूस हे निसर्गाने दिलेलं पॅकिंग आहे. साळ कोरड्या जागी, फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब रचून ठेवली तर तांदळापेक्षा कितीतरी चांगली टिकते. विक्रीच्या अंदाजाने महिन्याला दोनतीन क्विंटल भरडा. इंद्रायणीच्या वासासाठीही हेच बरं, कारण भरडल्यानंतर तो उडायला लागतो.

थोडा माल भरडण्यात एक अडचण आहे आणि ती कोणी आपणहून सांगत नाही. भातगिरणीच्या एलेव्हेटरमध्ये आणि पॉलिशरमध्ये आधीच्या माणसाचा माल अडकलेला असतो. तुमची साळ आत गेली की पहिला काही माल बाहेर येतो तो त्याचा आणि तुमचा मिसळलेला. त्याआधी कोणी कोलम भरडला असेल तर तुमच्या इंद्रायणीत कोलमचे बारीक दाणे निघणारच. गिरणीवाल्याशी बोलून सकाळची पहिली पाळी घ्या, रात्रीच यंत्र रिकामं करून ठेवायला सांगा, आणि तरीही पहिले पंचवीसेक किलो वेगळ्या पोत्यात धरा. ते पोतं घरी खायला ठेवा किंवा सुटं विका, पाकिटात भरू नका.

पॉलिश किती मारायचं हेही आधी ठरवा. पॉलिश जास्त मारलं की दाणा पांढराशुभ्र दिसतो, जास्त टिकतो, पण तुटतोही जास्त. पॉलिश कमी ठेवलं की दाण्यावर कोंड्याचा थर राहतो, चव आणि वास चांगला लागतो, पण कोंड्यातलं तेल काही महिन्यांत खवट होतं. हातसडीचा तांदूळ मेच्या उकाड्यात खवट वास मारतो तो यामुळेच. आम्ही सिंगल पॉलिश ठेवतो आणि पाकिटावर तसं लिहितो.

चौथी पायरी: प्रतवारी

माझ्या मते या सगळ्या धंद्याचा गाभा इथे आहे. गोष्ट कोणीही लिहू शकतो, पाकीट कोणीही छापून घेऊ शकतो. पण प्रत्येक पाकिटात तोच दर्जा देणं फार थोड्यांना जमतं, आणि दुसऱ्यांदा पाकीट घेणारं गिऱ्हाईक त्यासाठीच येतं.

गिरणीतून आलेला तांदूळ आधी खडे काढायच्या यंत्रातून आणि चाळणीतून जातो. मोठ्या ठिकाणी सोर्टेक्स असतं, ते रंगावरून काळे, लाल, डागी दाणे हवेच्या झोताने उडवतं. आमच्यासारख्यांना ते भाड्याने करून घेता येतं, किंवा महिन्याचे दोन क्विंटल गावातल्या बाया बसून सुपात पाखडून निवडतात. निवडणाऱ्या हाताचा मोबदला हिशेबात धरायला विसरू नका. घरच्या बायकांचे कष्ट फुकट धरून काढलेली किंमत दुसऱ्या वर्षी टिकत नाही.

आता प्रत मोजायची कशी? काळी ताटली घ्या. सोनाराकडे असतो तसा बारीक वजनाचा काटा घ्या, हजाराच्या आत मिळतो. वेगवेगळ्या पोत्यांतून थोडा थोडा तांदूळ काढून एकत्र करा आणि त्यातला १०० ग्रॅम ताटलीत पसरा. मग चिमट्याने वाटे करा: अख्खे दाणे (टोक थोडं उडालं असेल, पण तीन चतुर्थांशापेक्षा जास्त लांबी असेल तर तो अख्खाच), तुकडा, कणी, लाल किंवा डागी दाणे, पांढऱ्या पोटाचे अपक्व दाणे, आणि न सोललेली साळ. प्रत्येक वाटा तोला. पहिल्या वेळी पाऊण तास लागतो, नंतर वीस मिनिटांत होतं.

दोनतीन लॉट असे मोजले की तुमच्या मालाची कुवत कळते, आणि मग स्वतःची प्रत ठरवता येते. आमच्या वरच्या प्रतीत अख्खा दाणा किमान ९२ टक्के, कणी एका टक्क्याच्या आत, आणि किलोभर तांदळात साळीचे तीनपेक्षा जास्त दाणे नाहीत. खडा तर एकही चालत नाही. हे आकडे मी पाकिटावर छापतो. सुरुवातीला भीती वाटली होती, एखाद्याने मोजून दाखवलं तर? आता वाटतं, मोजावंच कोणीतरी.

या आकड्यांसोबत एक आकडा नसलेली चाचणी आहे, वासाची. इंद्रायणीचा वास हा बासमतीत असतो त्याच सुगंधी घटकाचा, आणि तो उष्णतेने व काळाने कमी होत जातो. दर महिन्याला त्या लॉटचा अर्धी वाटी तांदूळ स्टीलच्या छोट्या डब्यात, झाकण लावून शिजवा. गॅस बंद केल्यावर पाच मिनिटांनी झाकण काढा आणि लगेच नाक जवळ न्या. वहीत लिहा: भरपूर, मध्यम, जेमतेम. ज्या महिन्यात 'जेमतेम' लिहावं लागतं त्याच्या आधीचा महिना ही तुमच्या 'सुगंधी' या शब्दाची मुदत. पुढे तो तांदूळ चांगलाच असतो, पण पाकिटावरून तो शब्द काढायचा.

तुकडा आणि कणी कमी भावाने घाईघाईत देऊन टाकू नका. पुण्यात इडली-डोशासाठी, खिचडीसाठी, बाळाच्या पेजेसाठी तुकडा मागून नेणारी घरं आहेत, आणि गुरगुट्या भाताला तर वासाचा तुकडाच चांगला. वेगळं पाकीट, वेगळा रंग, आणि ठळक अक्षरांत 'तुकडा'. हे लपवायचं कशाला?

हिशेब: दहा क्विंटल साळीचा

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

१,००० किलो वाळलेली साळ ३० रुपयांनी घेतली, ३०,००० रुपये. साफसफाईत काडीकचरा, पोचट आणि खडे मिळून ४० किलो गेले. तूस २२० किलो, कोंडा ८० किलो. हातात तांदूळ आला ६६० किलो. त्यात वरच्या प्रतीचा ५०० किलो, तुकडा ११० किलो, कणी ५० किलो. कोंडा गिरणीवाल्याने ठेवला असं धरू.

खर्चात वाहतूक ३,०००, भरडाई २,५००, निवडणं ४,०००, पाचशे पाकिटं लेबलसकट नऊ रुपयांनी ४,५००, आणि तपासणी, नमुने, फुटतूट मिळून १,५००. साळ धरून एकूण ४५,५००. तुकडा ४० रुपयांनी विकला तर ४,४००, कणी २८ रुपयांनी १,४००. ते ५,८०० वजा केले की उरले ३९,७००. पाचशे पाकिटांवर वाटले तर एक किलोचं पाकीट साधारण ७९ रुपये ४० पैशांना पडलं. यात तुमचा स्वतःचा वेळ धरलेला नाही.

समजा किंमत ठेवली ११० रुपये. दुकानदाराने २० टक्के घेतले तर तुमच्या हाती ८८ येतात. जीएसटी नोंदणी असेल तर २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के कर आहे. तो जुलै २०२२ पासून ब्रँड असो वा नसो, लागू झाला. तो काढला की उरतात ८३ रुपये ८० पैसे. म्हणजे पाकिटामागे साडेचार रुपयांच्या आत. हेच पाकीट सोसायटीत, शेतकरी आठवडे बाजारात किंवा भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी थेट विकलं तर कर देऊन पंचवीस रुपये राहतात, त्यातून स्टॉलचं भाडं आणि पेट्रोल जातं.

आता वाळवणीत चूक झाली असं धरा. तडे जास्त गेले आणि वरच्या प्रतीचा ५०० ऐवजी ४२० किलोच निघाला, ८० किलो तुकड्यात गेला. पाकिटांचा खर्च थोडा वाचतो, तुकड्याचे पैसे वाढतात, तरी एक पाकीट ८५ रुपयांच्या वर पडतं. कर भरून दुकानातून विकलात तर प्रत्येक पाकिटावर तोटा. लेबलचा रंग कोणताही असो, तो तोटा भरून निघत नाही. म्हणून ताडपत्री आणि बॅटरीवर मी एवढं लिहिलं.

पाचवी पायरी: गोष्ट लिहिणं

आता वही उघडा. गोष्ट तिच्यात आहे.

इंद्रायणीच्या बाबतीत एक चूक सर्रास दिसते: 'शेकडो वर्षांचा पारंपरिक तांदूळ'. इंद्रायणी ही १९८७ साली आलेली जात आहे. मावळातल्याच भात संशोधनातून, आंबेमोहराच्या वंशातून ती तयार झाली. आंबेमोहर जुना, त्याला आंब्याच्या मोहरासारखा वास म्हणून ते नाव. पण तो उत्पन्न कमी देतो आणि भरडताना जास्त तुटतो. आंबेमोहराचा वास आणि शेतकऱ्याला परवडेल असं उत्पन्न यांचा मेळ इंद्रायणीत घातला गेला. मला तर ही खरी गोष्ट त्या खोट्या परंपरेपेक्षा जास्त आवडते. कृषीच्या विद्यार्थ्याने किंवा मावळातल्या एखाद्या आजोबांनी तुमचं पाकीट वाचलं तरी ती टिकते.

जात चुकीची सांगणं हा याहून मोठा गुन्हा. आंबेमोहर म्हणून बाहेरच्या राज्यांतले दिसायला तसेच, स्वस्त आणि बारीक सुगंधी तांदूळ बाजारात खपवले जातात. जीरासंबा हे त्यातलं ऐकू येणारं नाव. तुमच्याकडे इंद्रायणी आहे तर इंद्रायणीच लिहा.

लिहिताना एक कसोटी लावा: हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या पाकिटावर चालेल का? 'निसर्गाच्या कुशीत पिकलेला' कोणाच्याही पाकिटावर चालतं. ते काढा. आमच्या एका लॉटवर असं आहे: "नाणे मावळातल्या एका घरच्या अडीच एकरातला इंद्रायणी. लावणी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, कापणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला. कापणीनंतर एकदा पाऊस लागला, म्हणून यंदा तुकडा जास्त निघाला आणि हे पाकीट कमी आहे." शेवटचं वाक्य छापावं की नाही यावर घरी बराच वाद झाला. मामा म्हणाले, "पावसाचं कशाला सांगायचं लोकांना?" पण स्टॉलवर लोक नेमकं तेच वाक्य वाचून थांबायचे आणि विचारायचे, "मग तो तुकडा आहे का तुमच्याकडे?"

काही शब्द कायद्याच्या कक्षेत येतात. 'सेंद्रिय' लिहायचं तर प्रमाणपत्र हवं, एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया यांपैकी एक. 'मधुमेहींसाठी उत्तम' असले दावे करूच नका. भौगोलिक मानांकन मिळालेला तांदूळ, जसा आजरा घनसाळ, विकत असाल तर त्या भागात पिकवणं एवढंच पुरत नाही. मानांकनाची नोंद ज्या संस्थेकडे आहे तिच्याशी बोलून, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव लागल्यावरच ते चिन्ह पाकिटावर लावता येतं.

सहावी पायरी: पाकीट

दिसायला सुंदर म्हणून आम्ही पहिल्यांदा नुसत्या सुती पिशव्या शिवून घेतल्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि जुलैत त्याच पिशव्यांत जाळी धरली. कापड ओल आत घेतं आणि किड्यांनाही. सुती पिशवी हवीच असेल तर ती बाहेरून, आत बंद पाउच.

तांदळात किडे बाहेरून येतात असं आपण समजतो, पण सोंडकिड्याची मादी दाणा पोखरून आत अंडं घालते. म्हणजे पाकीट भरताना स्वच्छ दिसणाऱ्या तांदळातही पुढच्या महिन्याची पिढी असू शकते. घरी आपण कडुलिंबाचा पाला किंवा एरंडेल लावतो, विक्रीच्या पाकिटात ते चालत नाही. जाड लॅमिनेटेड पाउचमधली हवा काढून व्हॅक्यूम केलं की प्राणवायू संपतो आणि आतली अळी मरते. मात्र तांदळाची टोकं अणकुचीदार असतात, पातळ फिल्मला ती बारीक भोकं पाडतात. व्हॅक्यूम केल्यावर पाकिटं रात्रभर तशीच ठेवा. सकाळी विटेसारखं कडक राहिलेलं पाकीट पुढे जाऊ द्या, सैल पडलेलं परत भरा.

पाकिटाला एका बाजूला दोन बोटांची पारदर्शक खिडकी ठेवा. प्रतवारीवर एवढे कष्ट घेतल्यावर दाणा दिसायलाच हवा. पण मोठी खिडकी नको, उजेडाने तेल लवकर खवट होतं. आकार दोनच पुरे: एक किलो ओळख करून घेणाऱ्यांसाठी, पाच किलो रोजच्यांसाठी.

छापायचं काय, ते वैधमापनाच्या नियमांत आणि अन्नसुरक्षेच्या नियमांत ठरलेलं आहे. पदार्थाचं नाव, निव्वळ वजन, पॅक करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क, लॉट क्रमांक, वापराची मुदत आणि १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. पाच किलोच्या पाकिटावर प्रतिकिलो दरही लिहावा लागतो. एफएसएसएआयचा अर्ज `foscos.fssai.gov.in` वर होतो. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते. पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडेही नोंद करावी लागते, आणि तुमचा काटा त्यांच्या शिक्क्याचा हवा. प्रत्येक पाकिटात पाच ग्रॅम जास्त भरा. ओलावा उडून वजन थोडं घटतं, आणि तपासणीत वजन कमी भरलं तर कारण कोणी ऐकून घेत नाही.

यापलीकडे दोन ओळी स्वतःहून घाला, त्या आमच्या सगळ्यात उपयोगी पडल्या. एक, हंगाम आणि भरडल्याचा महिना: 'खरीप २०२४, भरडला फेब्रुवारी २०२५'. दोन, पाण्याचं माप, त्याच लॉटचं, स्वतःच्या कुकरमध्ये शिजवून ठरवलेलं. आमचा नवा इंद्रायणी वाटीला दोन वाट्या पाण्यात मऊ होतो, तोच दिवाळीपर्यंत अडीच वाट्या मागतो. म्हणून हे माप मुख्य पाकिटावर छापू नका, लॉटच्या छोट्या स्टिकरवर छापा आणि दर तीन महिन्यांनी बदला.

आणि एक बरणी

प्रत्येक लॉट भरताना पाव किलो तांदूळ काचेच्या बरणीत बाजूला काढा, लॉट क्रमांक चिकटवा आणि त्या लॉटचं शेवटचं पाकीट विकून मुदत संपेपर्यंत ठेवा. तक्रार आली की गिऱ्हाइकाकडून मूठभर तांदूळ मागवायचा, आणि तो आणि बरणीतला असे दोन वाट्यांत, सारख्या पाण्यात, एकाच कुकरमध्ये शिजवायचे. दोन्ही सारखे निघाले तर पाण्याचं माप चुकलंय, स्टिकर बदला. वेगळे निघाले तर भरताना काहीतरी मिसळलंय, त्या दिवशी भरलेली सगळी पाकिटं परत मागवा.

कोथरूडच्या काकूंना त्या वेळी मी पैसे परत दिले आणि पुढच्या वर्षीचं पहिलं पाकीट नेऊन दिलं. त्यांनी माझ्यासमोरच ते उघडलं, काळ्या तव्यावर मूठभर तांदूळ पसरला, चष्मा लावला आणि कणी मोजायला बसल्या.